निरांजनाची ज्योत हीसुद्धा ज्वाळाच

गेल्या काही वर्षांत रुग्णालयातून घरी परतणाऱ्या रुग्णाबरोबर पुष्कळदा एक यंत्रही घरी येते. गुडघ्याएवढ्या उंचीचे, चाकांवर ढकलता येणारे, अखंड घुरघुरणारे आणि मधूनमधून सुस्कारा सोडणारे हे यंत्र म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. 2021 सालच्या करोनाच्या दुसऱ्या लाटेत अशी असंख्य यंत्रे घाईघाईने विकत घेतली गेली. त्यांतील बरीच आज समाजाच्या मंडळांकडे आणि रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांकडे आहेत व अनामत रक्कम घेऊन गरजू कुटुंबांना वापरावयास दिली जातात. यंत्राबरोबर एक पुस्तिका मिळते. ती इंग्रजीत असते. घरातील एखादा शिकणारा नातू वा नात ती वाचून आजी-आजोबांना मराठीत सांगते आणि बहुधा तेथेच खरी अडचण सुरू होते. शब्दांचे भाषांतर बिनचूक होते, पण त्यातला धोका मराठीत उतरत नाही.

उदाहरणादाखल सांगलीकडील एक घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबांचे वय 76. अनेक वर्षांचा जुना श्वसनविकार, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. घरी पाठविताना डॉक्टरांनी मिनिटाला 2 लिटर प्राणवायू, दिवसाकाठी किमान 15 तास, असे लिहून दिले. मुलगा दिवसभर दुकानावर, सून आणि सासूबाई घरी, नातू महाविद्यालयात. नातवाने पुस्तिका वाचली व भिंतीवर एक कागद चिकटविला : ‘यंत्र उघड्या ज्वाळेपासून दूर ठेवावे. नळीला पीळ पडू देऊ नये. यंत्र हवेशीर जागी ठेवावे.’ तिन्ही वाक्ये खरी होती. तरीही पहिल्याच आठवड्यात या घरात तिन्ही सूचनांचा भंग झाला आणि तो झाला हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

‘ज्वाळा’ हा शब्द मराठी कानाला मोठा वाटतो. घर पेटले की ज्वाळा उठतात. होळीची ज्वाळा असते. देव्हाऱ्यातील निरांजनाच्या इवल्याशा उजेडाला कोणी ज्वाळा म्हणत नाही, त्याला आपण ज्योत म्हणतो. त्यामुळे सायंकाळी आरती झाल्यावर सासूबाई नेहमीप्रमाणे आरतीचे ताट घेऊन आजोबांच्या पलंगाशी आल्या. ज्यांना उठवत नाही त्यांच्यापर्यंत आरती न्यावयाची, त्यांनी ज्योतीवर हात धरून ते डोळ्यांना लावावयाचे, ही रीत घरोघरी आहे. आजोबांच्या नाकात प्राणवायूची नळी होती आणि तुपाची वात त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तेवत होती. त्या दिवशी काही झाले नाही. ‘काही होत नाही’ हा समज अशाच दिवसांतून तयार होतो.

यामागचे कारण एकदा समजले की नियम पाठ करावा लागत नाही. आपल्या भोवतालच्या हवेत सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो व उरलेला बहुतेक भाग नत्रवायूचा. हे यंत्र खोलीतील हवा आत ओढते आणि तिला दाब देऊन झिओलाइट नावाच्या खनिजाच्या बारीक दाण्यांतून पाठविते. ते दाणे नत्रवायू धरून ठेवतात आणि पुढे निघतो तो 90 ते 95 टक्के शुद्धतेचा प्राणवायू. काही सेकंदांनी दाण्यांतला नत्रवायू बाहेर सोडला जातो, तोच तो सुस्कारा. प्राणवायू स्वतः पेट घेत नाही आणि तो काही स्फोटक वायूही नव्हे. मात्र दुसरी वस्तू जळत असेल तर तिचे जळणे तो कमालीचे वेगवान करतो. हवेतील त्याचे प्रमाण 21 वरून 24 टक्क्यांवर गेले, एवढ्याशा फरकानेही कापड, केस, कापूस हे पदार्थ लवकर पेटतात व अधिक जोराने जळतात. साध्या हवेत जी ठिणगी कापडावर पडून विझली असती, तीच येथे भडका करू शकते.

आणि हा वाढीव प्राणवायू नेमका कोठे साठतो? रुग्णाच्या नाकातोंडाशी, दाढीमिशांत, सदऱ्याच्या गळ्यापाशी, उशीत, शालीत. नळीतून येणारा सर्वच वायू काही फुप्फुसात जात नाही. आपण श्वास सोडतो तेव्हाही यंत्र वायू देतच असते व तो भोवती पसरतो. म्हणूनच घरगुती प्राणवायूमुळे होणाऱ्या भाजण्याच्या घटनांत बहुधा चेहरा भाजतो. नाकातील नळी प्लॅस्टिकची असते. तिचे टोक पेटले तर आतून प्राणवायू येतच असल्याने आग नळीच्या वाटेने यंत्राकडे सरकत जाते. जगभर अशा घटनांचे सर्वांत मोठे कारण म्हणजे नळी नाकात असताना ओढलेली सिगारेट वा विडी. आपल्या घरांत हे कारण क्वचितच संभवेल, तरी समाचाराला येणाऱ्या पाहुण्यांच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही. आपल्याकडील खरी कारणे वेगळी आहेत : निरांजन, समई, कापूर, धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, स्वयंपाकघरातील शेगडी आणि वीज गेल्यावर लावलेली मेणबत्ती.

यांतील मेणबत्तीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण तेथे माणूस फसतो. वीज गेली की यंत्र बंद पडते. घरच्यांना वाटते, आता प्राणवायूच नाही तर धोका कसला? परंतु तासन्‌तास वायू शोषून बसलेली उशी, चादर आणि अंगावरचे कपडे त्याच क्षणी निर्धोक होत नाहीत. शिवाय वीज गेल्यावर रुग्णाला बहुधा राखीव सिलिंडर लावतात. म्हणजे पलंगाशी पुन्हा प्राणवायू सुरू आणि उजेडासाठी शेजारी मेणबत्ती. रुग्णाच्या खोलीत काडेपेटी व मेणबत्ती ठेवूच नये. बॅटरी उशाशी ठेवावी आणि ती चार्ज आहे ना, हे आठवड्यातून एकदा पाहावे.

अंतराविषयी पुस्तिकांमध्ये थोडाफार फरक आढळतो. घरासाठी सोपा आणि सुरक्षित नियम म्हणजे रुग्ण, नळी आणि यंत्र यांपासून कोणतीही पेटती वस्तू किमान 10 फूट, म्हणजे 3 मीटर दूर. लहान घरात देव्हारा रुग्णाच्याच खोलीत असतो. अशा वेळी पलंग हलवावा किंवा काही काळ देव्हारा दुसऱ्या खोलीत न्यावा. दोन्ही शक्य नसेल तर त्या खोलीत विजेचा दिवा लावावा. डॉक्टरांनी दिवसातून काही वेळ प्राणवायूशिवाय राहण्यास परवानगी दिली असेल आणि रुग्णाला स्वतः आरतीस बसावयाचे असेल, तर यंत्र बंद करून, उघड्या खिडकीच्या खोलीत किमान अर्धा तास जाऊ द्यावा, वरचे कपडे बदलावेत व मग देव्हाऱ्यापाशी जावे. परवानगी नसताना केवळ आरतीसाठी नळी काढणे मात्र योग्य नाही.

वरील घरात पुढे मार्ग निघाला तो सुनेच्या सूचनेने. ती सासूबाईंना म्हणाली, “आई, आरती दुसऱ्या खोलीत होऊ दे. बाबांना ऐकू येईल एवढ्या आवाजात आपण म्हणू. आणि ताटाऐवजी त्यांच्यासाठी गंधोदक आणू या.” बस्तीतून आणलेले गंधोदक आजोबांच्या मस्तकी लावण्यात कोणताच धोका नव्हता. सासूबाईंना प्रथम ते रुचले नाही, कारण आजारी माणसापाशी दिवा नसणे त्यांना अशुभ वाटत होते. ही भावना समजण्याजोगी आहे. रुग्ण अत्यवस्थ असला म्हणजे उशाशी दिवा लावून णमोकार मंत्र म्हणत बसण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे आणि नेमका त्याच वेळी प्राणवायूचा प्रवाहही वाढविलेला असतो. मंत्र उशाशी म्हणावा, दिवा मात्र दुसऱ्या खोलीत असावा. याला शास्त्राची आडकाठी असण्याचे कारण दिसत नाही. तरीही मनात शंका राहिल्यास बस्तीतील जाणत्या पंडितांना विचारून घ्यावे, म्हणजे घरात मतभेद उरत नाहीत.

ज्योतीइतकाच, पण सहसा न दिसणारा धोका तेलाचा व मलमाचा आहे. कोरड्या वाऱ्याने नाकपुड्या फुटतात, म्हणून घरची मंडळी प्रेमाने पेट्रोलियम जेली, बाम किंवा खोबरेल तेल लावतात. हे पदार्थ प्राणवायूच्या सान्निध्यात सहज पेटू शकतात. त्यांऐवजी पाण्यात बनविलेली मलमे मिळतात. औषधाच्या दुकानात ‘तेल वा पेट्रोलियम नसलेले’ असे स्पष्ट सांगून मागावे. हातावर सॅनिटायझर घेतले असेल तर ते पूर्ण सुकल्यावरच नळीला हात लावावा. राखीव सिलिंडरच्या झडपेला तर तेलकट हाताचा स्पर्शही नको, आणि ती घट्ट बसली म्हणून तेल सोडणे हा प्रकार सर्वथा वर्ज्य आहे.

आणखी एक सवय. जेवताना किंवा तोंड धुताना आजोबा नळी काढून पलंगावर ठेवीत आणि यंत्र तसेच चालू राही. चादरीच्या घडीत पडलेली नळी अर्ध्या तासात त्या कापडात भरपूर प्राणवायू साठविते. नळी काढली की यंत्र बंद करावे. शुद्धता पूर्ववत येण्यास सुरू केल्यावर काही मिनिटे लागतात, एवढे ध्यानात ठेवून परत लावण्यापूर्वी थोडे आधी सुरू करावे.

आता नळीकडे वळू. ‘पीळ पडू देऊ नये’ हे वाक्य वाचणाऱ्याला वाटते की नळी दोरीसारखी पिळली जाण्याचा धोका आहे. प्रत्यक्षात ती बहुधा दबते : पलंगाच्या पायाखाली, दाराच्या फटीत, खुर्चीच्या चाकाखाली, कधी रुग्णाच्या स्वतःच्या खांद्याखाली. या घरात यंत्र दिवाणखान्यात व आजोबा आतल्या खोलीत होते. दाराखालून नेलेली नळी रात्री दार लोटले की दबत असे. आजोबांना पहाटे अस्वस्थ वाटे, बोटाला लावावयाच्या ऑक्सिमीटरवर आकडा 84 दिसे. दिवसा दार उघडे, आकडा पुन्हा 90. तीन रात्री घरच्यांनी हा आजाराचाच चढउतार समजून काढल्या. मुलाने तर एकदा बटण 2 वरून 4 वर नेले. हे फार धोक्याचे होते. सीओपीडीच्या काही रुग्णांत जादा प्राणवायूमुळे शरीरातील कार्बन डायऑक्साइड साठत जातो, रुग्ण गुंगीत जातो, आणि घरच्यांना वाटते की त्याला शांत झोप लागली. अशा रुग्णांसाठी डॉक्टर साधारणतः 88 ते 92 हीच मर्यादा ठरवून देतात. 98 आणण्याचा अट्टहास धरावयाचा नसतो. आकडा घसरला तर प्रथम नळी तपासावी, बटण नव्हे. नळी ठीक असूनही आकडा सुधारत नसेल तर डॉक्टरांना दूरध्वनी करावा.

नळी तपासण्याची युक्ती यंत्रावरच्या पाण्याच्या बाटलीत आहे. या बाटलीतून वायू जाताना बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले आणि बाटलीतून शिटीसारखा आवाज आला, तर पुढे कोठेतरी नळी दबली आहे. कोंडलेला वायू बाटलीच्या सुरक्षा झडपेतून निसटतो आहे. आवाज नाही आणि बुडबुडेही नाहीत, तर बाटलीचे झाकण आटे चुकून तिरपे बसले असण्याची शक्यता अधिक, कारण मग वायू पाण्यात न उतरता झाकणाशीच बाहेर पडतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा : बुडबुडे छान येत आहेत, पण नळी मध्येच जोडातून सुटलेली आहे. यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून शेवटची परीक्षा नाकाच्या टोकाशी करावी. पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन नळीची दोन टोके क्षणभर त्यात बुडवावीत. बुडबुडे आले तर वायू पोहोचतो आहे. मग टोके पुसून कोरडी करून लावावीत.

नळीची लांबी अमर्याद वाढविता येत नाही. पुष्कळ यंत्रांना एकूण 15 मीटरपर्यंतची नळी चालते, तथापि आपल्या यंत्राची मर्यादा पुस्तिकेत पाहावी व जोड जितके कमी तितके बरे. नळी भिंतीच्या कडेने न्यावी. गालिचा, सतरंजी वा गादीखालून ती कधीही नेऊ नये, कारण तेथे ती दबलेली दिसत नाही आणि गळत असेल तर वायू कापडात साठतो. थंडीत लांब नळीत पाण्याचे थेंब जमतात व नाकाशी गुडगुड ऐकू येते. तेव्हा नळी सोडवून झटकावी. नळीत बसविण्याचा ‘फायरब्रेक’ नावाचा एक लहानसा भाग मिळतो. नळी पेटलीच तर त्यातील वायूचा मार्ग आपोआप बंद होतो. तो रुग्णाच्या जवळ, त्यावर दाखविलेल्या बाणाच्या दिशेने बसवावा लागतो. साहित्य केंद्रातून यंत्र घेताना हा भाग आहे का, हे अवश्य विचारावे.

बाटलीतील पाण्याविषयी आपल्या घरांत हमखास एक प्रश्न निघतो. गाळून उकळलेले प्रासुक पाणी घरात असतेच, ते का चालू नये? उकळल्याने जंतू मरतात हे खरे, पण पाण्यातील क्षार जात नाहीत व ते बाटलीत साचतात. म्हणून डिस्टिल्ड वॉटर वापरावे. ते संपले तर एखादा दिवस उकळून गार केलेल्या पाण्यावर भागवावे. पाणी रोज बदलावे, उरलेल्यात भर घालू नये.

राहता राहिला ‘हवेशीर’ हा शब्द. तो वाचून या घरातील मंडळींनी यंत्र खिडकीखाली ठेवले, पडद्याला आणि भिंतीला टेकून. आवाजाचा त्रास नको म्हणून वर एक चादरही टाकली. खोली हवेशीर होती, यंत्र मात्र गुदमरत होते. येथे ‘हवेशीर’ याचा अर्थ यंत्राच्या चारही बाजूंना किमान फूटभर मोकळी जागा, असा आहे. त्याला सतत हवा आत घ्यावयाची असते आणि आतली उष्णता बाहेर टाकावयाची असते. काही घरांत आवाज टाळण्यासाठी यंत्र कपाटात ठेवून नळी तेवढी बाहेर काढतात. ते तर दुहेरी चूक आहे. यंत्राने बाहेर टाकलेला नत्रवायू त्याच कपाटात कोंडतो, यंत्र तीच निकस हवा पुन्हा ओढते आणि रुग्णाला मिळणाऱ्या वायूची शुद्धता घसरत जाते. वर उष्णता साठते ती वेगळीच.

याउलट, हे यंत्र खोलीतला प्राणवायू ओढून घेते, मग शेजारी झोपणाऱ्याला तो कमी पडणार नाही का, अशी भीती काही ज्येष्ठांना वाटते. ती निराधार आहे. यंत्र नवे काही निर्माण करीत नाही आणि नष्टही करीत नाही. जे घेते ते दोन वाटांनी त्याच खोलीत परत सोडते. खिडकी थोडी उघडी ठेवली की दोन्ही वायू पुन्हा मिसळून जातात.

यंत्राच्या पाठीमागे वा बाजूला स्पंजाची एक जाळी असते. आठवड्यातून एकदा ती कोमट साबणपाण्यात धुऊन, स्वच्छ खळबळून, पूर्ण वाळवून बसवावी. ओली जाळी बसवू नये, म्हणून दोन जाळ्या आलटून पालटून वापराव्यात. धूप, उदबत्ती, फोडणीचा धूर यांनी ती लवकर काळवंडते. ज्या फुप्फुसासाठी यंत्र आणले त्यालाही हा धूर बाधतोच. शुद्धता कमी झाली की बऱ्याच यंत्रांवर पिवळा दिवा लागतो व नंतर गजर होतो. पिवळा दिवा दिसताच जाळी आणि भोवतालची जागा पाहावी. तरीही तो न गेल्यास राखीव सिलिंडर लावून पुरवठादाराला बोलवावे. केंद्रातून जुने यंत्र घेताना त्यावरील तासांचा आकडा टिपून घ्यावा आणि वायूची शुद्धता मोजून दाखविण्यास सांगावे. यंत्र सुरू होते एवढ्यावरून ते प्राणवायू देते असे ठरत नाही. झिओलाइट दमटपणाने निकामी झाले असेल तर यंत्र तितक्याच जोमाने घुरघुरते आणि जवळजवळ साधी हवा देत राहते.

विजेची जोडणी तीन पिनांच्या भिंतीतील स्वतंत्र प्लगला असावी. एकाच लांब वायरीच्या पट्टीवर यंत्र, पंखा आणि मोबाइलचा चार्जर लावणे टाळावे.

नातवाने पुढे भिंतीवरचा पहिला कागद काढून दुसरा लावला : ‘या खोलीत आरतीचे ताट, समई, धूप, उदबत्ती, कॉइल, काडेपेटी, मेणबत्ती आणू नये. आजोबांना तेल, बाम लावू नये. नळी काढली की बटण बंद. दार लोटण्यापूर्वी नळी पाहा. यंत्रावर काही टाकू नये. बटण 2 वरच.’ हाच मजकूर दाराबाहेरही लावला, कारण समाचाराला येणारे आत आल्यावर वाचत नाहीत.

आणि तरीही नळी किंवा कपडा पेटलाच तर क्रम असा असावा. प्रथम रुग्णाच्या चेहऱ्यावरून नळी ओढून काढावी आणि तत्क्षणी यंत्राचे भिंतीवरील बटण बंद करावे. घरात दोघे असतील तर एकाने एक काम करावे. म्हणूनच ते बटण पलंगामागे नव्हे, दाराजवळ सहज हाती येईल असे असावे. अंगावरील आग पाण्याने किंवा जाड ओल्या कापडाने विझवावी. खोली पेटू लागली तर सामानाकडे न पाहता रुग्णाला बाहेर काढावे आणि 101 किंवा 112 क्रमांकावर कळवावे. भाजलेल्या भागावर सुमारे 20 मिनिटे साधे गार पाणी सोडावे. शाई, तूप, दंतमंजन असे काही लावू नये. चेहऱ्याचे भाजणे वरून किरकोळ दिसले तरी नाकाघशाच्या आतून सूज येऊन काही तासांत श्वास अडू शकतो. अशा रुग्णाला सकाळपर्यंत न थांबता त्याच वेळी रुग्णालयात न्यावे आणि भाजताना प्राणवायू सुरू होता, हे तेथील डॉक्टरांना प्रथम सांगावे.